पुंगळीच्या मानेला उभी चीर : दाब जास्त झाला की काडतूस जुनं?

माळरान_मोहोळ
नमस्कार मंडळी. पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची .315 रायफल आहे, वडिलांच्या नावावरून माझ्याकडे आलेली. तिच्याबरोबर जुन्या खरेदीची दहा काडतुसं होती. परवानगीच्या जागी चार उडवली. चारही उडाली, पण दोन रिकाम्या पुंगळ्यांच्या मानेवर, म्हणजे गोळी जिथं बसवलेली असते तिथं, उभी चीर पडलीय. साधारण सहा-सात मिलिमीटर लांब. त्या दोन्हींची मान बाहेरून काळी झालीय आणि काळेपणा खाली, पुंगळी रुंद होते त्या खांद्यापर्यंत उतरलाय. बाकी दोन पुंगळ्या स्वच्छ आहेत.

चीर पडली म्हणजे दारू जास्त भरली गेली होती का? आणि उरलेली सहा वापरू का?

होटगी_रोड
सरळ आहे ओ. जास्त दाब झाला म्हणून पितळ फाटलं. उन्हात ठेवली असतील. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत हात लावता येत नाही एवढं तापतं. दारू गरम झाली की दाब वाढतो, हे पक्कं आहे. सहाच्या सहा सावलीत थंड करा आणि मग वापरा.

निवृत्त_आर्मरर
होटगी रोड, गरम दारूचा दाब वाढतो हे तुमचं बरोबर. पण या पुंगळ्या ते सांगत नाहीत. जास्त दाबाच्या खुणा पुंगळीच्या बुडाशी उमटतात, मानेशी नाही. बुडातली ठोक्याला पेटणारी टोपी चपटी होऊन तिच्या गोल कडा बसतात, पिनच्या खड्ड्याभोवती कड वर येते, काडतुसाच्या मागं रायफल बंद करणाऱ्या बोल्टच्या चेहऱ्याचे ठसे बुडावर उमटतात, बोल्ट उघडायला जोर लागतो. मान फाटायला दाबाची गरज नसते. पितळ आधीच कमजोर झालेलं असलं तर रोजच्या दाबानंही ती फाटते.

मोहोळकर, चार गोष्टी बघून सांगा. बोल्ट सहज उघडला का? टोपी बुडाच्या सपाटीला आहे, आत आहे की किंचित बाहेर आलीय? चीर तोंडापासून सुरू होते की तोंड शाबूत आहे आणि मधूनच पडलीय? आणि न उडवलेल्या सहांच्या मानेवर भिंगाखाली काही दिसतं का? बंदूक रिकामी करून बाजूला ठेवा आणि काडतुसं हातात घेऊनच बघा. रायफलमध्ये घालून बघायचं नाही.

माळरान_मोहोळ
बोल्ट चारही वेळा लोण्यासारखा उघडला. फाटलेल्या दोन पुंगळ्यांची टोपी नखाला लागते, किंचित वर आहे. चांगल्या दोघींची सपाट आहे. चीर एकीत तोंडापासून सुरू होते. दुसरीत तोंड शाबूत आहे आणि चीर जरा खाली सुरू होते.

न उडवलेल्यांपैकी एकीच्या मानेवर केसासारखी रेघ आहे, अगदी पुसटशी. आणि अजून एक गंमत, त्या काडतुसाची गोळी बोटांनी धरून पिळली तर गोल फिरते. बाकी पाचांची हलत नाही.

निवृत्त_आर्मरर
फिरते ना, मग उत्तर तिथंच आहे. ते काडतूस आता वेगळं ठेवा, पिळत बसू नका.

काडतुसाच्या चार भागांची नावं सगळ्यांना पाठ असतात: पुंगळी, टोपी, दारू, गोळी. पण ते चार भाग चार माणसांसारखे एका दोरीला धरून ओढतात, आणि तुमच्या रायफलीत ती दोरी म्हणजे पुंगळीची मान. ती मान गोळीला घट्ट धरून ठेवते. का धरते, ते क्रमानं बघू.

चाप ओढला की फायरिंग पिन टोपीवर आदळते. टोपी म्हणजे पातळ धातूची वाटी. आत ठोक्याला पेटणारा मसाला, आणि त्याच्या समोर एक टोकदार ऐरण. पिननं वाटी चेपली की मसाला ऐरणीवर चिरडला जातो आणि पेटतो. काही पुंगळ्यांत ऐरण टोपीतच बसवलेली असते आणि दारूकडं जायला मधोमध एक मोठं छिद्र असतं. काहींत ऐरण पुंगळीच्याच बुडात घडवलेली असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक छिद्रं असतात. तुमच्या रिकाम्या पुंगळीत टॉर्च मारून बघा, कोणती आहे ते कळेल.

त्या छिद्रांतून तप्त ठिणग्या आणि वायू दारूत घुसतात. रायफलची दारू स्फोट पावत नाही, ती जळते. उघड्यावर चिमूटभर पेटवली तर पिवळ्या ज्वाळेनं फुसकन जळून जाईल. तिला जोर येतो तो कोंडलेपणामुळं. प्रत्येक दाणा वरच्या पृष्ठभागावरून आत जळत जातो, आणि आजूबाजूचा दाब जितका जास्त तितका तो भराभर जळतो. म्हणजे दाबानं जळणं वाढतं आणि जळण्यानं दाब वाढतो. या चक्राला सुरुवातीच्या क्षणी पकड लागते. मान गोळीला धरून ठेवते, तेवढ्यात दारू सगळीकडून पेटते. मग दाब इतका होतो की मान फुलते, गोळी सुटते आणि नळीच्या आट्यांत घुसते.

आता मानेला चीर असेल, गोळी सैल असेल, तर टोपीच्या पहिल्या धक्क्यानंच गोळी पुढं सरकते. मागं जागा वाढते, दाब पडतो, दारू रडत जळते. म्हणून तुमची टोपी वर आलीय.

सात_रस्ता_७८
थांबा काका, हे उलटं वाटतंय. टोपी बाहेर आली म्हणजे आतून जास्त जोर लागला, असंच ना?

निवृत्त_आर्मरर
सगळ्यांना तसंच वाटतं. टोपी पेटली की ती दरवेळी मागं ढकलली जाते आणि बोल्टच्या चेहऱ्याला टेकते. पुंगळीचं बूड मात्र तेव्हा किंचित पुढं असतं, कारण पिनच्या ठोक्यानं अख्खं काडतूस पुढं सरकलेलं असतं. नंतर दाब पूर्ण वाढला की पुंगळीचं अंग चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, भिंतीला चिकटतं आणि बूड ताणलं जाऊन मागं बोल्टवर येतं. म्हणजे बूड मागं येऊन टोपीला परत आपल्या पोटात घेतं. सपाट टोपीचा अर्थ, दाब नीट वाढला. वर राहिलेली टोपी सांगते की दाब बूड मागं आणण्याइतका वाढलाच नाही. तिच्याबरोबर मानेवर काजळी आणि नळीत न जळलेले दाणे सापडले की दाब कमी होता, हे पक्कं समजा. एकटी वर आलेली टोपी मात्र दुसरंही सांगू शकते, की बोल्ट आणि पुंगळीच्या बुडाच्या कडेमधली फट जास्त आहे. तेव्हा ती मोजून घ्या.

माळरान_मोहोळ
नळी साफ करताना फडक्यावर पिवळसर-काळे बारीक दाणे आले होते खरे. मला वाटलं माती असेल.

एनसीसी_सोलापूर
सर, माझा एक प्रश्न. आम्ही कॅम्पमध्ये .22 उडवतो. त्या पुंगळीला मधोमध टोपीच नाही, आणि उडवल्यावर बुडाची कड एका ठिकाणी चेपलेली असते. म्हणजे आमचीही पुंगळी फाटली असं समजायचं का?

निवृत्त_आर्मरर
नाही बाळा, तुझी पुंगळी अगदी ठणठणीत आहे. .22 ला वेगळी टोपी नसते. मसाला बुडाच्या पोकळ कडेतच भरलेला असतो, आणि पिन कडेला ठोकते. तो चेपलेला भाग म्हणजे पिनची खूण. तिचं पितळ पातळ ठेवावं लागतं, नाहीतर पिनला कड चेपताच येणार नाही. म्हणूनच ही पद्धत कमी दाबाच्या काडतुसांपुरतीच राहिली.

तिची एक खोड मात्र आहे. मसाला कडेत फिरवून पसरवलेला असतो, आणि कधीतरी एखाद्या ठिकाणी तो पातळ राहतो. पिन नेमकी तिथं पडली की ‘टक्’ होतं आणि गोळी जात नाही. तसं झालं तर नळी लक्ष्याकडंच ठेवायची, हात वर करून इन्स्ट्रक्टरला सांगायचं आणि किमान अर्धा मिनिट, हवं तर पूर्ण मिनिट थांबायचं. दारू उशिरा पेटून गोळी सुटू शकते. पुढं काय करायचं ते इन्स्ट्रक्टर ठरवतील.

होटगी_रोड
बरं, दाब नाही तर नाही. पण मग पितळ कमजोर झालंच कशानं? पितळ गंजत नाही. आमच्या घरचे तांबे-घागरी पन्नास वर्षांच्या आहेत.

रसायन_बाई
घागरीवर ताण नसतो, पुंगळीच्या मानेवर सतत असतो, एवढाच फरक. पण तो फार मोठा फरक आहे.

पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. ते पत्र्याच्या वाटीतून टप्प्याटप्प्यानं ओढून लांब करतात. दर ओढीला धातू कडक होतो, म्हणून मधे मधे तापवून मऊ करतात. शेवटी बूड कडक ठेवतात आणि मान पुन्हा तापवून मऊ करतात. लष्करी पुंगळ्यांच्या मानेवर निळसर-जांभळी झाक दिसते ती त्या तापवण्याची. मग गोळी घट्ट बसवली की मान तिच्याभोवती ताणलेल्या कड्यासारखी राहते, वर्षानुवर्षं.

आता या ताणलेल्या पितळाला ओलावा आणि अमोनिया मिळाला तर ते धातूच्या कणांच्या सीमांवरून चिरत जातं. बाहेरून गंज फारसा दिसत नाही, चीर दिसते. तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात अमोनिया घातला की गडद निळा रंग येतो, तो प्रयोग शाळेत सगळ्यांनी केलाय. अमोनियाला तांबं फार आवडतं, एवढं त्यावरून लक्षात ठेवा.

हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला तो भारतातच. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौज पावसाळ्यात काडतुसं तबेल्यात साठवायची. घोड्यांच्या मुतातून अमोनिया, वरून पावसाळी दमट हवा, आणि कोरडा हंगाम आला की पुंगळ्या माना फाटलेल्या निघायच्या. कारण नीट उलगडलं ते 1921 मध्ये, मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी. उपाय दोन निघाले: पितळ हलकं तापवून ताण उतरवायचा आणि काडतुसं अमोनियापासून लांब ठेवायची.

मोहोळकर दादा, काडतुसं कुठं ठेवली होती तेवढं सांगा.

माळरान_मोहोळ
बाई, तुम्ही घर बघून आल्यासारखं विचारताय. वस्तीवर लोखंडी पेटीत होती. पेटी ज्या खोलीत होती तिच्या भिंतीपलीकडं गोठा आहे. खोलीत युरियाची पोतीही असतात. काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात खोचलेली होती, त्यांच्यावर जरा हिरवं बसलं होतं. ते मी फडक्यानं पुसलं. पट्ट्याला लागलेल्या भागात थोडे गुलाबी डागही राहिलेत.

सात_रस्ता_७८
युरियाच असणार. शेतात टाकला की वास मारतो.

रसायन_बाई
कोरडा, बंद पोत्यातला युरिया फारसा अमोनिया सोडत नाही. ओला होऊन शेणमातीतल्या जिवाणूंच्या संपर्कात आला की सोडतो. सांडलेला युरिया, ओली जमीन आणि गोठ्याची भिंत एकत्र असेल तर दोन्ही मिळून काम करतात. कुणाचा वाटा किती, ते इथं बसून सांगता येणार नाही. गोठ्याच्या मुतातला अमोनिया पुरेसा आहे, एवढं मात्र नक्की.

हिरवं वेगळं आणि चीर वेगळी. कमावलेल्या चामड्यातल्या आम्लानं तांब्याचे हिरवे क्षार तयार होतात, ते वरवरचे असतात. गुलाबी डाग जरा जास्त वाईट. तिथलं जस्त निघून गेलंय आणि तांबं उघडं पडलंय. तो भाग ठिसूळ समजा.

होटगी_रोड
मग उरलेली काडतुसं पितळेच्या पॉलिशनं घासून चकचकीत करावीत म्हणतो. वर एक पातळ तेलाचा हात. हवा लागणार नाही.

रसायन_बाई
अहो दादा, नका! पितळेच्या बऱ्याच पॉलिशमध्ये अमोनियाच असतो. डब्यावर नाक लावा, कळेल. ज्यानं चीर पाडली तेच पुन्हा चोळणार तुम्ही. चिंच आणि मीठही नको, आम्ल जस्त खातं.

निवृत्त_आर्मरर
आणि तेलाचा हात तर मुळीच नाही. तेल टोपीच्या कडेनं आत झिरपलं की मसाला मरतो, मग नुसतं ‘टक्’. शिवाय चेंबरमध्ये तेल असलं तर पुंगळी भिंतीला चिकटत नाही, घसरते, आणि सगळा मागचा जोर बोल्टवर पडतो. पुंगळीनं चेंबरला चिकटणं हे तिचं खरं काम आहे. लोकांना वाटतं पुंगळी म्हणजे दारूची डबी. मानेपाशी पितळ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ असतं. लष्करी .303 मध्ये कमाल दाब साधारण 3,600 बारपर्यंत जातो, आणि कारच्या चाकात असतो दोन बारच्या आसपास. तो दाब पुंगळी सोसत नाही, चेंबरचं पोलाद सोसतं. पितळ फुलून भिंतीला टेकतं आणि फट बंद करतं, म्हणजे वायू मागं नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. दाब उतरला की पितळ केसभर आक्रसतं, म्हणून बोल्ट ओढला की पुंगळी सहज निघते. पितळाऐवजी दुसरा धातू चालतो, पण फुलून परत येण्याचा हा गुण त्यात जमवावा लागतो.

मोहोळकरांच्या फाटलेल्या दोन पुंगळ्यांत हेच बिघडलं. मान चिरल्यामुळं भिंतीला चिकटली नाही, वायू मागं खांद्यापर्यंत आला आणि काजळी मारून गेला. खांद्याच्या खाली अंग चिकटलं, म्हणून गोष्ट तिथं थांबली. मान फाटली तरी शक्यतो माणसाला इजा होत नाही, ते यामुळं.

अक्कलकोट_रेंज
आर्मरर साहेब, एका ठिकाणी मी सहमत नाही. तुम्ही म्हणता, सैल गोळीमुळं दारू नीट जळली नाही. पण रायफलच्या गोळीला फक्त मान धरत नाही. गोळी नळीच्या आतल्या व्यासापेक्षा जरा जाड असते. आट्यांत शिरताना तिला कातरून घ्यावं लागतं. तो अडथळा मानेच्या पकडीपेक्षा कितीतरी मोठा आहे. मान ढिली असली तरी दाब तिथं वाढतोच. काजळी मान फाटल्यामुळंच आली, दाब कमी झाल्यामुळं नाही.

निवृत्त_आर्मरर
आट्यांचा अडथळा मोठा, हे मान्य. गोळीच्या तांब्याच्या कवचावर आट्यांच्या रेघा उमटतात, त्याला जोर लागतोच. त्याच रेघांनी गोळी फिरते आणि सरळ जाते. पण गोळी आट्यांपर्यंत पोचायच्या आधी काही मिलिमीटर मोकळी धावते, आणि ती धाव पकडीशिवाय सुरू झाली की दारू अजून नीट पेटलेली नसते. चांगली दारू आणि कडक टोपी असेल तर फरक कळणारही नाही. जुनी दारू आणि दमलेली टोपी असेल तर कळतो.

अक्कलकोट_रेंज
म्हणजे दोष जुन्या टोपीचा असू शकतो, मानेचा नाही. वर आलेली टोपी आणि न जळलेले दाणे, दोन्ही त्यानंही होतात.

निवृत्त_आर्मरर
असू शकतो. पण त्याच खरेदीच्या, त्याच पेटीतल्या, न फाटलेल्या दोन पुंगळ्यांची टोपी सपाट आहे. माझं बोट मानेकडंच जातं. दारूकडं बघायला काडतूस उघडावं लागेल, आणि ते कुणीही घरी करायचं नाही.

पार्क_चौक
दारू खराब झाली हे कळतं कसं मग? उघडायचं नाही म्हणता.

रसायन_बाई
आजची दारू मुख्यतः नायट्रोसेल्युलोजची असते, काहींत नायट्रोग्लिसरीनही. हा पदार्थ स्वतःच हळूहळू सडतो आणि सडताना आम्ली वायू सोडतो. ते वायू सडणं आणखी वाढवतात. म्हणून त्यात ते वायू शोषून घेणारा पदार्थ मुद्दाम मिसळलेला असतो. तो संपला की सडणं भराभर होतं, आणि उष्णतेत तो लवकर संपतो. काडतूस बंद असलं तरी मानेच्या आतून हिरवं डोकावणं, गोळी आणि मानेच्या सांध्यातून आंबट वास येणं, पितळ आतून खाल्लं गेल्याची खूण बाहेर दिसणं, ही चिन्हं. सोलापुरात तापलेल्या पत्र्याखाली पेटी ठेवली तर अमोनिया नसला तरी हे होणारच. होटगी रोडांचा उन्हाचा मुद्दा इथं लागू पडतो.

होटगी_रोड
चला, अर्धा तरी पास झालो.

सात_रस्ता_७८
जुन्या काडतुसांनी नळी गंजते म्हणतात, ते खरं का? वडील गरम पाण्यानं नळी धुवायचे.

निवृत्त_आर्मरर
खरं आहे, पण त्यात दारूचा दोष नाही, टोपीचा आहे. जुन्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मागं पोटॅशियम क्लोराइड राहतं, म्हणजे आपल्या मिठाचाच भाऊ. ते हवेतलं पाणी ओढतं आणि पोलाद गंजवतं. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं, म्हणून वडील गरम पाणी ओतायचे. ते बरोबर करायचे. पुढं लेड स्टिफनेटचे मसाले आले आणि गंजाचा त्रास गेला, पण शिसं आलं. बंद रेंजवर शिशाची धूळ नाकात जाते. उडवून झाल्यावर हात धुतल्याशिवाय खायचं नाही, ते त्यासाठी.

मोहोळकर, आता एक काम करा. ज्या दोन चांगल्या पुंगळ्या म्हणालात, त्यांच्या बुडापासून साधारण एक-दीड सेंटिमीटर वर चहूबाजूंनी आडवी चमकदार पट्टी आहे का बघा. आणि बारीक तारेचं टोक वाकवून आतून त्या जागी ओढा. खाचेत अडकतं का?

माळरान_मोहोळ
एका पुंगळीवर पुसट आडवी रेघ आहे खरी. तार आत ओढली, अडकल्यासारखं वाटलं की नाही, सांगता येत नाही. दुसरीत काहीच नाही.

निवृत्त_आर्मरर
उभी चीर आणि आडवी रेघ यांत जमीन-अस्मान आहे. उभी चीर पितळाच्या आजाराची. आडवी रेघ म्हणजे पुंगळी लांबीला ताणली जातेय, कारण बोल्ट आणि बुडाच्या कडेमधली फट जास्त आहे. .315 ला बुडाशी रुंद कड आहे, ती कड नळीच्या मागच्या तोंडाला अडते आणि त्यावरच काडतुसाची जागा ठरते. फट वाढली की दर वेळी अंग ताणतं, आणि एखाद्या दिवशी बूड वेगळं होऊन निघतं, पुंगळीचा वरचा भाग चेंबरमध्येच अडकतो. तो सांधा फुटला तर वायू मागं येतो, उभ्या चिरेसारखा खांद्याशी थांबत नाही. पुसट रेघ चेंबरमधल्या ओरखड्याचीही असू शकते. इथं बसून मी सांगणार नाही. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडं नेऊन गेजनं मोजून घ्या. तोपर्यंत रायफल बंद.

अक्कलकोट_रेंज
इथं मात्र पूर्ण सहमत.

माळरान_मोहोळ
नेतो. आणि ती सहा? रेघ असलेलं एक सोडा. बाकी पाचांची गोळी घट्ट आहे, मान भिंगाखाली स्वच्छ आहे.

अक्कलकोट_रेंज
मी वापरली असती, रेंजवर, एकेक करून. दर वेळी आवाज आणि धक्का बघायचा. ‘फुस्स’ झालं किंवा धक्का हलका लागला तर लगेच थांबायचं, थोडा वेळ थांबून बोल्ट काढायचा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का बघायचं. कमजोर काडतुसाची गोळी नळीतच अडकून राहते, आणि मागून दुसरी सोडली की नळी फुगते नाहीतर फाटते. मान फाटल्यानं माणूस मरत नाही. नळीतली गोळी न बघता पुढची सोडली तर मरतो.

निवृत्त_आर्मरर
नळी बघण्याचं लाख बोललात. वापरण्याचं नाही. पाचही त्याच गोठ्यापलीकडच्या खोलीत त्याच पट्ट्यात होती. आज भिंगाखाली चीर दिसत नाही म्हणजे सुरू झालेली नाही, असं नाही. पितळ कणांच्या सीमेवर चिरतं, ते भिंगाला दिसायच्या आधी. दहा काडतुसांचा सौदा किती रुपयांचा?

अक्कलकोट_रेंज
पैशाचं नाही हो साहेब. नव्या काडतुसांना परवान्याचा कोटा आणि दुकानाच्या चकरा लागतात. तुम्हाला माहीतच आहे.

माळरान_मोहोळ
दुरुस्तीवाल्याकडं जाऊन आलो. फट मोजली, मर्यादेत आहे म्हणाले. आडवी रेघ त्यांनी नखानं घासून बघितली आणि चेंबरच्या ओरखड्याची आहे म्हणाले, पॉलिश करून देतील. फाटलेल्या माना बघितल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला: गोठा आहे का जवळ?

पेटी आता गावातल्या घरी आणलीय, कपाटात. चामड्याचा पट्टा काढून टाकला. काडतुसं पुठ्ठ्याच्या कोरड्या डब्यात ठेवलीत. गोळी फिरणारं एक आणि बाकी पाच, सगळी परत करायची म्हणून पोलीस ठाण्यात कागद विचारायला उद्या जातोय. पाचांबद्दल मन अजून थोडं अडतंय, खोटं कशाला बोलू.

एनसीसी_सोलापूर
सर, कपाटात डांबरगोळ्या ठेवल्या तर चालतात का? आमच्या घरी असतात.

रसायन_बाई
त्यात अमोनिया नाही. पण काडतुसांशेजारी वासाचं काहीच नको. कोरडा डबा आणि सावली एवढंच पुरे.